आधार आणि जेवण

मराठी बोलीत 'पोटाला आधार झाला' आणि 'जेवण झाले' यांत जो फरक केला जातो तो निव्वळ बोलण्याच्या रीतीचा नाही. दुपारी कपभर दूध प्यालेला माणूस आधार झाल्याचे सांगतो, जेवल्याचे सांगत नाही, मग त्या दुधातली ऊर्जा एखाद्या पोळीइतकी का असेना. तृप्तीचा हिशेब पोटात किती ऊर्जा गेली एवढ्यावर ठरत नाही. अन्नाने जागा किती व्यापली, आतड्याला त्यात काय सापडले आणि या दोन बातम्या मेंदूला किती काळ एकत्र मिळत राहिल्या, या सगळ्यांवर तो ठरतो.

रिकामे जठर मुठीएवढे असते आणि त्यात जेमतेम 50 ते 100 मिलिलिटर द्रव मावतो. घास उतरू लागले की जठराचा वरचा भाग आपोआप सैल पडतो, आणि म्हणून लिटरभर अन्न सामावूनही आतला दाब फारसा वाढत नाही. वाढतो तो भिंतीवरचा ताण. भिंतीतल्या स्नायूंच्या थरांमध्ये व्हेगस या लांबलचक मज्जातंतूची बारीक टोके पसरलेली असतात. ती ताणली गेली की त्यांच्यातून संदेश निघतो आणि मेंदूच्या देठात, म्हणजे मस्तिष्कस्तंभात, पोहोचतो. मात्र अन्नात काय आहे ते या टोकांना कळत नाही: भिंत बासुंदीने ताणली की मिठाच्या पाण्याने, हे त्यांच्या लेखी सारखेच.

फिलिप्स आणि पॉवली या संशोधकांनी 1996 साली उंदरांवर केलेल्या प्रयोगात हे स्वच्छ दिसले. जठराच्या खालच्या तोंडाभोवती त्यांनी एक छोटा पट्टा बसवला, जो फुगवला की जठरातून आतड्याकडे जाणारी वाट बंद होई. वाट बंद असताना जठरात पौष्टिक द्रव भरला काय किंवा तेवढेच मिठाचे पाणी भरले काय, उंदराचे खाणे सारखेच घटले. वाट मोकळी ठेवली तेव्हा मात्र पौष्टिक द्रवाने खाणे बरेच अधिक घटले. जठर आकारमान मोजते आणि अन्नाचा कस आतडे जोखते, असा या प्रयोगाचा सरळ अर्थ आहे.

आतड्याची ही परीक्षा जठराला लागूनच असलेल्या आद्यांत्रात सुरू होते. तिथल्या अस्तरात विखुरलेल्या काही पेशींना स्निग्धांश आणि प्रथिने यांचा स्पर्श झाला की त्या कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक सोडतात. हे संप्रेरक टोचल्यास उंदीर कमी खातात, हे गिब्स, यंग आणि स्मिथ यांनी 1973 मध्ये दाखवले. या संप्रेरकाचे खरे कौशल्य त्याच्या दुहेरी कामात आहे. एकीकडे ते व्हेगसमार्फत 'पोषण पोहोचले' असे कळवते, आणि दुसरीकडे जठराला हात आखडता घ्यायला लावते, म्हणजे अन्न खाली सोडण्याचा वेग कमी करते. त्यामुळे जठर अधिक वेळ ताणलेले राहते. व्हेगसचे काही तंतू तर ताण आणि हे संप्रेरक या दोन्हींना प्रतिसाद देतात. म्हणूनच ताण आणि पोषण हे जमाखर्चाचे दोन वेगळे रकाने मानून त्यांची नुसती बेरीज करणे चुकीचे ठरते. पोषणाची बातमी ताणाला टिकवून धरते, आणि पोषणाची साथ नसलेला ताण लवकर ओसरतो. भुकेवर नुसते पाणी पिऊन वेळ मारून नेणाऱ्याला हे पुस्तकाविना ठाऊक असते: पोट तट्ट होते, पण पाण्यात आतड्याला थांबवण्याजोगे काहीच नसल्याने ते भराभर खाली उतरते आणि भूक परत दारात उभी राहते.

घन अन्नाची गोष्ट याहून निराळी असते. भाकरीचा घास जठरात आला की जठराचा खालचा स्नायुमय भाग तो घुसळतो, आणि कण साधारण एक-दोन मिलिमीटर इतके बारीक होईपर्यंत त्यांना पुढे जाऊ देत नाही. त्यामुळे जेवणानंतर काही काळ घन अन्न जवळजवळ हलतच नाही. पातळ पदार्थ मात्र पहिल्या मिनिटापासून वाट काढू लागतो.

अन्न एकच ठेवून केवळ त्याचे रूप बदलले तर काय होते, हे ब्रिटनमधील हेबर, हीटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 साली सफरचंदांवर तपासले. साठ ग्रॅम पचनीय कर्बोदके मिळतील इतकी सफरचंदे अख्खी, लगदा करून आणि गाळलेल्या रसाच्या रूपात देण्यात आली. त्याच माणसांनी ती तिन्ही रूपांत वेगवेगळ्या वेळी घेतली. अख्खी फळे संपवायला सुमारे 17 मिनिटे लागली, लगद्याला 6 आणि रसाला दीड. तृप्तीचा क्रमही तोच राहिला: फळ सर्वांत वर, रस सर्वांत खाली. रसानंतर रक्तात इन्सुलिन अधिक चढले आणि मागाहून साखर खाली घसरली, हेही आढळले. रसातून तंतू गाळले गेलेले होते, आणि खाण्याचा वेग सारखा ठेवल्यावरही तृप्तीचा हा क्रम टिकला, म्हणजे दोष केवळ घाईचा नव्हता. घाईचा स्वतःचा वाटा किती, हे मात्र यातून कळत नाही.

उसाचे उदाहरण इथे उपयोगी पडते. दातांनी सोलून, पेरापेराने चावून ऊस खाणारा माणूसही शेवटी गिळतो तो रसच. चोथा तो थुंकून टाकतो. गुऱ्हाळावर वा रसवंतीवर ग्लास तोंडाला लावणाऱ्याच्या पोटात तीच साखर तीन-चार मोठ्या घोटांत उतरते, तर चावणाऱ्याला तेवढ्यासाठी जबडा दुखेपर्यंत बसावे लागते. तंतू दोघांच्याही पोटात जात नाहीत. फरक उरतो तो काळाचा आणि तोंडाच्या कामाचा.

तोंडाच्या या वाट्याचे वजन किती, याचा अंदाज नेदरलँड्समधील वॅगेनिंगन येथे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगावरून येतो. पंधरा पुरुषांना अर्ध्या लिटरची चार दुग्धपेये देण्यात आली: पातळ आणि दाट, आणि प्रत्येकात 100 किंवा 500 किलोकॅलरी. चुंबकीय प्रतिमांत पाहता जठर रिकामे होण्याचा वेग प्रामुख्याने ऊर्जेवर ठरत होता. 500 किलोकॅलरींचे पातळ पेय 100 किलोकॅलरींच्या दाट पेयापेक्षा जठरात बराच अधिक वेळ राहिले. तरीही माणसांना पोट अधिक भरल्यासारखे वाटले ते दाट पेयाने. संशोधकांनी याला 'भासमान तृप्ती' अशा अर्थाचे नाव दिले. जठर आणि आतडे यांचे म्हणणे मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच जिभेने दाटपणावरून आपला अंदाज कळवलेला असतो, आणि मेंदू त्याला चांगलेच महत्त्व देतो, असे यावरून दिसते.

यावरून पातळ ते सारे फसवे, असा सरसकट निकाल देणे मात्र उतावीळपणाचे होईल. कोंबडी आणि भाज्यांचे जेवण पेलाभर पाण्यासह एकदा तसेच, आणि एकदा त्याच पाण्यात एकत्र वाटून दाट सूप करून, असे दोन्ही प्रकार ब्रिटनमधील नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी तपासले, तेव्हा सूप अधिक तृप्त करणारे ठरले. पहिल्या प्रकारात पाणी घन तुकड्यांना मागे टाकून जठरातून निसटून जाते आणि भिंतीवरचा ताण उतरतो. वाटलेल्या सूपमध्ये तेच पाणी अन्नाच्या कणांत अडकून राहते, त्याला एकट्याने पुढे जाता येत नाही, आणि जठर बराच वेळ फुगलेले राहते.