एका टेम्पोचा जमाखर्च

व्यापाऱ्याच्या घरात वाहन ही हौसेची वस्तू नसते. पेढीवरचा तराजू, गोदामातले रॅक आणि दारातला टेम्पो या तिघांना आमच्या घरी एकच कसोटी लावली जाते. दिवसाला किती कमावतो आणि किती खातो? करमाळ्यातील आमची किराणा मालाची घाऊक पेढी तिसऱ्या पिढीत चालू आहे. जुना टेम्पो बदलण्याची वेळ आली तेव्हा चिरंजीवांनी विजेवर चालणाऱ्या गाडीचा आग्रह धरला, तर वडिलांनी एवढेच म्हटले, "आधी वहीत मांडून दाखव." ती मांडणी पूर्ण व्हायला पंधरा दिवस लागले. घरोघरी आज हाच प्रश्न असल्याने ती वाचकांपुढे ठेवीत आहे.

तुलना करायची तर गाडी तीच आणि इंधन वेगळे असे असावे, नाहीतर हिशोब फसतो. ही सोय टाटांच्या एस प्रो या छोट्या टेम्पोने करून दिली. जून २०२५ मध्ये तो एकाच वेळी पेट्रोल, पेट्रोल-सीएनजी आणि वीज अशा तिन्ही रूपांत आला. त्या वेळच्या शोरूम किमती अनुक्रमे ३.९९ लाख, ४.९९ लाख आणि ६.५० लाख रुपये होत्या. तिन्हींचा भार साधारण पाऊण टन आहे. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू वाहनांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या गाडीवर तो आधीपासूनच ५ टक्के होता. करातील कपात पूर्ण उतरली असे धरले तर पेट्रोलची गाडी ३.६८ लाखांच्या घरात येते आणि विजेच्या गाडीसाठी मोजावी लागणारी जास्तीची रक्कम सुमारे २.८० लाख होते. पेट्रोल स्वस्त गाडीत मिळते आणि वीज महाग गाडीत, हीच सगळ्या हिशोबाची गाठ आहे.

ही २.८० लाखांची रक्कम आम्ही पाच वर्षांत फेडायची ठरवली. विजेच्या जुन्या गाड्यांचा बाजार अजून बसलेला नाही. म्हणून पाच वर्षांनी विकताना या जास्तीच्या रकमेतील एक रुपयाही परत येणार नाही, असे धरले. म्हणजे वर्षाला ५६ हजार. त्यावर दहा टक्क्यांनी सरासरी शिल्लक रकमेचे व्याज १४ हजार. एकूण ७० हजार. वर्षाचे कामाचे दिवस तीनशे धरले, तर गाडी दारातून हलो वा न हलो, रोजचे २३३ रुपये तिच्या नावे पडतात. विजेच्या वाहनांना राज्यात मोटार वाहन करात सूट आहे, पण गाडी महाग असल्याने विम्याचा हप्ता चढतो. या दोन्ही रकमा एकमेकींना तोलतात असे समजून त्या बाजूला ठेवल्या.

आता दुसरी बाजू. गल्लीबोळांतून थांबत-चालत, भरलेल्या स्थितीत पेट्रोलच्या टेम्पोला लिटरमागे पंधरा किलोमीटर धरले आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर किलोमीटरला सात रुपये पडतात. विजेच्या गाडीची बॅटरी १४.४ युनिटांची आहे. प्रत्यक्ष भारासह किलोमीटरला ०.१३ युनिट लागते असे धरले. चार्जरमध्ये उष्णतेच्या रूपाने आठ-दहा टक्के वीज वाया जाते, म्हणून मीटरवर ती ०.१४५ होते. सगळे आकार धरून युनिटला दहा रुपये मोजले तर दीड रुपयाच्या आत किलोमीटर. ऑइल, फिल्टर, क्लच या खर्चाचे पन्नास पैसे वाचतात. म्हणजे दर किलोमीटरला सहा रुपयांची बचत.

२३३ रुपयांना सहाने भागले की ३९ येतात. हा आकडा वहीच्या कडेला लाल शाईने लिहावा असा आहे. रोज ३९ किलोमीटरपेक्षा कमी धावणारी विजेची गाडी, किलोमीटरला कितीही स्वस्त पडली तरी, एकंदरीत महागच. करमाळ्यातल्या करमाळ्यात माल पोचवायचा तर आमच्या गाडीचे दिवसाला पंचवीस किलोमीटरही होत नाहीत. तिथे वर्षाला बचत ४५ हजार आणि जास्तीचा बोजा ७० हजार, म्हणजे २५ हजारांचे नुकसान. गाडी गावात कमी फिरते म्हणून तिला वीज पुरेल, हे खरे आहे. पण कमी फिरते म्हणूनच ती परवडत नाही.

मग गाडी जास्त फिरवावी, तर दुसरी मर्यादा आडवी येते. कागदावर या गाडीचा पल्ला १५५ किलोमीटर आहे. तो ठरावीक चाचणीतला आकडा असतो. त्या चाचणीत आमच्या भागातला वैशाखातला चाळीस अंशांवरचा उन्हाळा नसतो, खड्डा नसतो, की समोरून येणारे वारे नसते. आमच्या खपाच्या दराने १४.४ युनिटांत ११० किलोमीटर होतात. त्यातही वाटेत चार्जर मिळेलच असे नसलेल्या भागात वीस टक्के राखून ठेवावे लागतात, म्हणजे उरले ८८. शिवाय बॅटरी वयाबरोबर क्षीण होते. पाचव्या वर्षी तिची क्षमता ८० टक्के राहील असे धरले तर हातात येतात ७० किलोमीटर. गाडी घेताना फेरी पहिल्या वर्षाच्या पल्ल्यावर न बेतता पाचव्या वर्षाच्या पल्ल्यावर बेतावी, नाहीतर तिसऱ्या-चौथ्या वर्षी चालक रस्त्यात अडकतो आणि पेढीचा शब्द जातो.

अशा रीतीने आमच्यासाठी एक पट्टा ठरला. खाली ३९, वर ७०. या दोन आकड्यांच्या मधली फेरी असेल तरच वीज. टेंभुर्णी आमच्याकडून जाऊन-येऊन नव्वदच्या आसपास, म्हणून ती बाजू पेट्रोलकडेच राहिली. जेऊर मात्र वीसेक किलोमीटरवर. सकाळी जेऊर आणि वाटेतली गावे मिळून ४६ किलोमीटर, दुपारनंतर शहर आणि लगतच्या वाड्या मिळून २०. पूर्वी ही दोन कामे दोन टेम्पो वाटून घेत. ती एकाच गाडीकडे दिली की दिवसाचे ६६ किलोमीटर होतात. बचत दिवसाला ३९६ रुपये, वर्षाला सुमारे १ लाख १९ हजार. बोजा वजा जाता ४९ हजार शिल्लक. घाऊक किराण्यात दोन-अडीच टक्के सुटतात तेव्हा एवढा नफा मिळवायला वीस लाखांचा माल विकावा लागतो. हे सांगितल्यावर वडिलांनी चष्मा काढून ठेवला आणि गाडीचा रंग कोणता, हे विचारले.

पुण्यातील आमच्या मावसबंधूंचे वितरणाचे काम आहे. त्यांच्याकडे हा पट्टा वेगळा दिसतो. मोठ्या शहरांतील ऑनलाइन व्यापाऱ्यांनी विजेच्या गाड्या लवकर स्वीकारल्या. टाटांची एस ईव्ही मे २०२२ मध्ये आली तेव्हाच अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, बिगबास्केट वगैरे कंपन्यांशी मिळून ३९ हजार गाड्यांचे करार जाहीर झाले होते. त्यामागचे कारण सरळ आहे. तिथे गाडी दिवसातून दोन-तीनदा त्याच गोदामात परत येते आणि माल भरेपर्यंत चार्जिंगला लागते. पल्ला लहान राहतो आणि दिवसाची धाव मोठी होते. सीएनजीची सोय असलेल्या शहरात मात्र विजेची खरी स्पर्धा सीएनजीशी असते. किलोला नव्वद रुपये आणि वीस किलोमीटर धरले तर बचत साडेतीन रुपयांवर येते. गाडीच्या किमतीतले अंतरही कमी, १.९० लाख. तरी फेडीसाठी रोज ४५ किलोमीटर लागतातच. पंपावरच्या रांगेत चालकाचा जाणारा वेळ यात धरलेला नाही.

दुपारच्या चार्जिंगचा हा धडा आम्हीही घेतला. साधारण ३.३ किलोवॉटच्या सॉकेटवर आमची बॅटरी पाच तासांत भरते. चालक जेवायला घरी जातो ते दोन तास गाडी लावली तर साडेपाच युनिटे, म्हणजे चाळीस किलोमीटर वाढतात. वेळेनुसार दर लावणारे मीटर असेल तर दिवसा, उन्हाच्या वेळची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग असते. सूर्यास्ताआधी पेढी बंद करून जेवायला घरी जाण्याची आमची रीत इथे उपयोगी पडली. गाडी सातच्या आत गोदामात असते, पण चार्जर टायमरवर रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत काम उरकतो.

सॉकेटबाबत मात्र काटकसर करू नये. दुकानाचा मंजूर भार बहुधा एक-दोन किलोवॉटचा असतो. त्यावर हे ३.३ किलोवॉट पाच तास सलग चालतात. म्हणून महावितरणकडे भार वाढवून घ्यावा किंवा विद्युत वाहनांच्या वर्गात वेगळे मीटर मागावे. मीटरपासून थेट चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, स्वतंत्र एमसीबी आणि गळती ओळखणारा आरसीसीबी असावा. मधे एक्स्टेन्शन बोर्ड नको. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहावा. कोमट चालेल, पण हात ठेववत नसेल तर सॉकेट ढिले आहे.

आमच्याकडची खास अडचण अर्थिंगची. उन्हाळ्यात जमीन वाळते, खड्ड्यातला ओलावा जातो आणि मध्यरात्री चार्जर दोष दाखवून थांबतो. सकाळी गाडी अर्धीच भरलेली सापडते आणि दोष गाडीला दिला जातो. वायरमनने मल्टिमीटर लावून फेज व न्यूट्रल आणि फेज व अर्थ यांच्यातील दाब मोजावेत. दोन्ही जवळजवळ सारखे असले पाहिजेत. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात पाच-दहा व्होल्ट दिसू लागले की खड्ड्यात पाणी घालण्याची वेळ झाली. आमच्याकडे फाल्गुनापासून दर आठवड्याला दोन बादल्या पाणी तिथे जाते.

गाडी आल्यावर वहीत दोन रकाने वाढले, चार्जरच्या सबमीटरचे युनिट आणि गाडीचे किलोमीटर. दर शनिवारी भागाकार होतो. ०.१४५ चा आकडा ०.१६ कडे सरकला तर आधी टायरची हवा, मग घासणारे ब्रेक, मग जास्तीचे भरलेले पोते, या क्रमाने पाहावे. तीनही ठीक असून आकडा तसाच असेल आणि भर उन्हाळा नसेल, तर केंद्रात दाखवावी. आठवड्यातून एकदा बॅटरी शंभर टक्के भरू द्यावी. या रसायनाच्या बॅटरीत मधल्या टप्प्यात दाब फारसा बदलत नाही, त्यामुळे पूर्ण भरल्याशिवाय उरलेल्या टक्क्यांचा अंदाज चुकत जातो आणि तीस दिसणारा काटा चढावर एकदम पंधरावर येतो.

घेण्याआधी प्रत्येकाने एक काम करावे. महिनाभर आपल्या चालू टेम्पोचे रोजचे किलोमीटर लिहावेत. सरासरीपेक्षा सर्वांत लांबचा आणि सर्वांत छोटा दिवस पाहावा. लांबचे दिवस मोजकेच असतील तर त्या दिवसांपुरता भाड्याचा टेम्पो स्वस्त पडतो. छोटे दिवसच जास्त असतील तर दोन फेऱ्या एकत्र करता येतात का ते पाहावे. तेही जमत नसेल, तर जुनी पेट्रोलची गाडी आणखी चार वर्षे चालवणे हाच खरा फायद्याचा व्यवहार आहे.