मीटरवरचं टिंब: mg/dL आणि mmol/L यांतला फरक

तुमच्या घरात ग्लुकोमीटर असेल तर तो आधी हातात घ्या आणि एक जुनं रीडिंग उघडून बघा. आकड्याच्या खाली किंवा बाजूला बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं दिसेल. भारतात घेतलेल्या मीटरवर बहुधा mg/dL असतं, म्हणजे मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर. मुलाने किंवा मुलीने इंग्लंड, आयर्लंड, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाहून आणलेला मीटर असेल तर तिथे mmol/L असण्याची दाट शक्यता आहे, म्हणजे मिलिमोल प्रति लिटर. ही अक्षरं कोणी वाचत नाही. मीही तीन महिने वाचली नव्हती, म्हणून हा लेख.

राहुरी तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक माझे जुने पेशंट. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मधुमेह अकरा वर्षांचा, दोन गोळ्यांवर बऱ्यापैकी आटोक्यात, एचबीए१सी साडेसातच्या आसपास. दिवाळीला मुलगी मेलबर्नहून आली आणि वडिलांसाठी नवा मीटर व स्ट्रिपचे चार डबे घेऊन आली. गुरुजी शिस्तीचे. रोज वहीत तारीख, वेळ आणि आकडा, तोही देवनागरीत, टपोऱ्या अक्षरात.

डिसेंबरच्या शेवटी त्यांनी वही माझ्यासमोर ठेवली. उपाशीपोटी ९८, १०४, ९६, १०१. जेवणानंतर १२८, १३६, १४२. मी म्हणालो, "गुरुजी, हे तर माझ्यापेक्षा चांगले आकडे आहेत." एका पानावर मात्र ६२ लिहिलेलं होतं आणि समोर काकूंच्या अक्षरात, 'दोन चमचे साखर दिली.' त्या दिवशी शेतात कांद्याची लागवड चालू होती आणि जेवायला तीन वाजले होते. मधुमेहाच्या माणसाची साखर ७० च्या खाली गेली की आम्ही डॉक्टर सावध होतो, त्यात वय सत्तरीचं. मी रात्रीची गोळी अर्धी केली. वही बघून कोणीही तेच केलं असतं, अशी मी नंतर स्वतःची समजूत घातली, पण ते खरं नाही. मीटर कुठला आहे हे मी विचारलं असतं तर केलं नसतं.

मार्चमध्ये गुरुजी आले तेव्हा चार किलो वजन उतरलेलं होतं. रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागत होतं. ते प्रोस्टेटचं असेल असं त्यांनीच ठरवून टाकलं होतं. एचबीए१सी आली ९.०. वही मात्र तशीच छान होती.

हे जुळत नव्हतं. ९.० एचबीए१सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर साधारण २१२. वहीतली सरासरी ११५ च्या आसपास. इतका फरक पडला की तीन शक्यता असतात: पेशंट आकडे मनाने लिहितो, मीटर चुकतो, किंवा एचबीए१सीच चुकते (हिमोग्लोबिन फार कमी असलं तर तसं होतं). गुरुजी मनाने आकडे लिहिणारे नव्हेत आणि त्यांचं हिमोग्लोबिन चांगलं होतं. म्हणून मी त्यांना मीटर घेऊन बोलावलं. लॅबसाठी हातातून रक्त घेतलं आणि त्याच वेळी त्यांना त्यांच्या मीटरवर बोट टोचायला सांगितलं. गुरुजींनी चष्मा वर करून वाचलं, "एकशे एकतीस." लॅबचं उत्तर आलं २४१. मी मीटर त्यांच्या हातून घेतला. पडद्यावर 13.1 होतं, आणि खाली mmol/L.

ते टिंब गुरुजींना दिसत नव्हतं असं नाही. शुगर शंभराच्या घरात असते हे अकरा वर्षांत त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की ते टिंब त्यांनी पडद्यावरचा डाग धरलं. मुलगी फोनवर विचारायची तेव्हा ते "एकशे अठ्ठावीस" सांगत. तिला वाटायचं, बाबा भारतीय एककात करून सांगतात. तिघंही आपापल्या जागी बरोबर होतो आणि गुरुजींची साखर वाढत होती.

आता हिशोब समजून घेऊ. mg/dL म्हणजे वजन: एक डेसीलिटर, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम साखर आहे. mmol/L म्हणजे मोजणी: एक लिटर रक्तात साखरेचे कण किती. कण अगणित असतात म्हणून ते डझनासारख्या एका मोठ्या गठ्ठ्याने मोजतात. त्या गठ्ठ्याला मोल म्हणतात आणि त्याचा हजारावा भाग म्हणजे मिलिमोल. श्रीगोंद्याच्या लिंबांचं उदाहरण घ्या. तीच पाटी कोणी किलोवर विकतो, कोणी शेकड्यावर. लिंबं तेवढीच, फक्त आकडा वेगळा. एका लिंबाचं वजन माहीत असलं की एका हिशोबातून दुसऱ्यात जाता येतं.

ग्लुकोजच्या एका मिलिमोलचं वजन साधारण १८० मिलिग्रॅम भरतं. म्हणजे १ mmol/L म्हणजे एका लिटरमध्ये १८० मिलिग्रॅम. लिटरमध्ये दहा डेसीलिटर, म्हणून एका डेसीलिटरमध्ये १८. सगळं रूपांतर या अठरात आहे:

mmol/L × 18 = mg/dL
mg/dL ÷ 18 = mmol/L

नेमका आकडा १८.०२ आहे, पण घरच्या मीटरमध्येच १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, तेव्हा त्या दोन शतांशांची काळजी करू नका.

कागद-पेन्सिल नसेल तर असं करा. mmol चा आकडा दुप्पट करा, दहाने गुणा, आणि त्यातून एक दशांश काढा. ७.८ चे दुप्पट १५.६, दहापट १५६, त्यातून साडेपंधरा वजा केले की १४०. उलटं जायचं तर निम्मं करून नऊने भागा: १२६ चे निम्मे ६३, भागिले नऊ, सात. उपाशीपोटी १२६ आणि ७.० ही मधुमेहाच्या निदानाची एकच रेषा आहे. जेवणानंतरचे १४० आणि ७.८ एकच, २०० आणि ११.१ एकच. साखर कमी झाली असं ज्या ७० ला म्हणतो ते तिकडचं ३.९.

टिंब गळालं की काय होतं ते गुरुजींच्या वहीतच बघा. टिंब गाळणं म्हणजे दहाने गुणणं. गुणायचं होतं अठराने. म्हणजे प्रत्येक आकडा खऱ्याच्या जवळजवळ निम्मा दिसणार. उपाशीपोटीचे ९८ खरे ९.८, म्हणजे १७६. जेवणानंतरचे १४२ खरे १४.२, म्हणजे २५६. आणि ज्या ६२ वर काकूंनी साखर दिली आणि मी गोळी अर्धी केली, ते होतं ६.२, म्हणजे ११२. अगदी छान साखर. या चुकीची घातक गोष्ट हीच आहे की तिच्यातून वेडेवाकडे आकडे येत नाहीत. मीटरने १३०० दाखवलं असतं तर कोणीही थांबला असता. इथे वाढलेली साखर नॉर्मल दिसते आणि नॉर्मल साखर कमी दिसते, आणि दोन्ही आकडे भारतीय डोळ्यांना ओळखीचे वाटतात.

म्हणून ओळखायची खूण एकच धरा. mg/dL दाखवणारा मीटर पूर्ण आकडा दाखवतो; त्यावर टिंब येत नाही. तुमच्या मीटरच्या रीडिंगमध्ये टिंब असेल तर तो mmol/L चाच आहे, खालची अक्षरं वाचता आली नाहीत तरी. बहुतेक नव्या मीटरमध्ये एकक कारखान्यातच पक्कं केलेलं असतं, बदलता येत नाही. काही जुन्या मीटरमध्ये ते सेटिंगमधून बदलता यायचं आणि ती वेगळीच डोकेदुखी होती. २००५ साली अमेरिकेच्या एफडीएने अशा काही मीटरबद्दल जाहीर इशारा दिला होता: तारीख-वेळ लावताना किंवा मीटर हातातून पडल्यावर एकक नकळत बदलू शकत होतं. तेव्हा जुना मीटर पडला, किंवा सेल बदलून तारीख पुन्हा लावली, तर पुढचं रीडिंग अक्षरांसकट वाचा.

एक गोष्ट मात्र हिशोबाच्या आधी. माणूस घामाघूम झाला, हात थरथरतात, बोलणं असंबद्ध वाटतं, आणि तो शुद्धीवर असून गिळू शकतो, तर अठराचा पाढा म्हणत बसू नका. आधी साखर द्या, मग आकडा बघा.

टिंबाचे आकडे आणखी एका ठिकाणी गोंधळ घालतात. एचबीए१सी आपल्याकडे टक्क्यांत असते, ७.८ किंवा ९.०. मिलिमोलमधली साखरही तशीच दिसते. फोनवर कोणी "बाबांची नऊ आली" म्हणालं तर काय नऊ आलं ते विचारा. नऊ एचबीए१सी म्हणजे सरासरी २१२. मिलिमोलमध्ये नऊ म्हणजे १६२. इंग्लंडचा रिपोर्ट असेल तर तिथे एचबीए१सी सुद्धा वेगळ्या एककात येते: आपली ७ टक्के म्हणजे त्यांची ५३. तिथे अठरा चालत नाही.

आणि अठरा फक्त ग्लुकोजचा. लिंबाचं वजन मोसंबीला लावता येत नाही, तसंच. कोलेस्टेरॉलचा कण ग्लुकोजपेक्षा दुपटीहून जड, म्हणून तिथे ३८.७ ने गुणायचं: ५.२ म्हणजे २००. क्रिएटिनिन तिकडे मायक्रोमोलमध्ये देतात आणि आपलं १.२ तिथे १०६ दिसतं. कॅनडाहून परतलेल्या एका आजींना घेऊन त्यांचा नातू रात्री अकरा वाजता माझ्याकडे आला होता, किडन्या गेल्या म्हणून. किडन्या ठीक होत्या.

तुमच्या वहीत अशी चूक सापडली तर गोळी किंवा इन्सुलिन स्वतः वाढवू नका. वही आणि मीटर दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा, कारण गेल्या काही महिन्यांत त्या वहीवरून काय काय बदललं ते त्यांना मागे जाऊन तपासावं लागेल. गुरुजींची रात्रीची गोळी मी त्याच दिवशी पुन्हा पूर्ण केली. जूनमध्ये एचबीए१सी ७.७ आली. मेलबर्नच्या स्ट्रिप संपल्यावर त्यांनी नगरहून इथलाच मीटर घेतला. त्या मीटरच्या स्ट्रिप इकडच्या दुकानांत मिळतही नव्हत्या. जुनी वही त्यांनी टाकलेली नाही. प्रत्येक आकड्यात लाल पेनाने टिंब देऊन शेजारी अठराने गुणलेलं उत्तर लिहिलंय, आणि माझी 'गोळी अर्धी' ही नोंद होती तिथे नुसतं एक प्रश्नचिन्ह.