आत्या त्या दिवशी घरात नव्हती

मोठं हस्तलिखित हाती आलं की पहिल्या वाचनात मी एकही चूक दुरुस्त करत नाही. हात शिवशिवतात, पण आवरते. त्या वाचनात फक्त एक्सेलचा तक्ता भरायचा. नाव, नातं, जन्मसाल किंवा वय, घटना आणि तिचा दिवस, पान क्रमांक, आणि शेवटचा रुंद रकाना लेखकाला विचारायच्या प्रश्नांचा. पान ४० वर ‘सुशीला’ आणि पान २१० वर ‘सुशिला’ दिसली, तर दोन्ही जशीच्या तशी नोंदवायची. सुरुवातीलाच एक रूप ‘बरोबर’ ठरवून पुढे गेलं, तर लेखकानं ज्या रूपाला पसंती दिली असती तेच आपण पुसून बसतो.

गेल्या वर्षी ४१२ पानांची एक कादंबरी अशी तपासली. पुण्यातल्या नारायण पेठेतला वाडा, तीन पिढ्या, आणि मधोमध १९६१ चा पानशेतचा पूर. नावांचं काम आपल्या भाषेत शोध-बदलाची कळ दाबून होत नाही. ‘सुशीला’ शोधलं तर ‘सुशीलेनं’ आणि ‘सुशीलेला’ निसटतात. म्हणून मी नुसतं ‘सुश’ शोधते आणि जे जे सापडेल ते एकेक डोळ्यांखालून घालते. उलट ‘हरी’ आणि ‘हरिभाऊ’ यांतला ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नियमाला धरूनच आहे. तिथे सरसकट बदल केला, तर चांगलं लेखन आपल्याच हातानं बिघडायचं. शिवाय सुशीला हे सासरचं नाव. माहेरी ती यमू. तेव्हा तक्त्यात तिच्या लग्नाचं पान लिहिलं आणि त्याआधी कुणी तिला सुशीला म्हणतं का ते पाहिलं. एका ठिकाणी तिची आईच म्हणत होती, लग्नाच्या दोन वर्षं आधी.

वयांची गोष्ट सोपी. पुरात पाच वर्षांचा असलेला मुलगा १९७२ च्या दुष्काळात अठराचा झाला होता. वजाबाकी केली की तो सोळाचा येतो. प्रश्नाच्या रकान्यात दोन्ही पानं लिहिली आणि पुढे सरकले.

खरी अडचण आत्यामुळे आली. आत्या दरवर्षी वारीला जाणारी. पुराच्या प्रकरणात ती आषाढी करून पंढरपूरहून परतलेली, आठवड्यानं पूर येतो आणि ती पाण्यातून देवांचा डबा वाचवते. प्रसंग सुंदर लिहिलेला होता. मी तो दोनदा वाचला, तेव्हाही काही खटकलं नाही. जुलैचा दुसरा आठवडा म्हणजे आषाढी होऊन गेली असेल, असं आपलं मनही सहज धरून चालतं. पण घटनेच्या रकान्यात मी इंग्रजी तारखेशेजारी तिथीही लिहिते, म्हणून १९६१ चं पंचांग उघडलं. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक होता. धरण फुटलं त्या बुधवारी, १२ जुलैला, निज ज्येष्ठाची अमावस्या होती. आषाढी एकादशी अजून दहा-अकरा दिवस पुढे. पालख्या ज्येष्ठ वद्यात पुण्यातून जातात, म्हणजे त्यांना शहर सोडून थोडेच दिवस झाले असणार. आत्या वारीला गेली असेल, तर ती त्या दिवशी वाटेवर होती. वाड्यात नव्हतीच.

अशा वेळी परिच्छेद स्वतः सावरायचा मोह होतो. ‘परतलेली’ खोडून ‘त्या वर्षी वारी चुकलेली’ लिहिलं की भागतं. पण वारी चुकणं ही आत्याच्या आयुष्यातली केवढी मोठी गोष्ट, ती मी कोण ठरवणार? लेखिकेला फोन केला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “अहो, माझ्या आईनं मला असंच सांगितलं होतं.” पंधरा दिवसांनी नवी चार पानं आली. आत्या आता वाटेवर आहे. पुण्याची बातमी दिंडीत पोचते, आणि देवांचा डबा सुशीला उचलते.

चार पानं बदलली की तक्ता पुन्हा वरून खाली वाचावा लागतो. ‘आत्या’ आणि ‘डबा’ या शब्दांपुढचे सगळे पान क्रमांक पाहिले. पान ३४० वर म्हातारी आत्या नातवंडांना पूर सांगत होती: पाणी कसं चढलं, डबा कसा छातीशी धरला. मी दुरुस्ती सुचवून पाठवली. लेखिकेचं उत्तर एका ओळीचं होतं: तिला आता तसंच आठवतं.

त्यांचं बरोबर होतं. पात्राची आठवण चुकू शकते. निवेदनाचा दिवस चुकता कामा नये. पण माझ्यानंतर मुद्रितं वाचणाऱ्याला हे कसं कळावं? त्यानं पुस्तकाच्या भल्यासाठीच ती ओळ ‘सुधारली’ असती. म्हणून पान ३४० च्या रांगेत लाल अक्षरांत लिहिलं: ‘हेतुपुरस्सर. लेखिकेला विचारलं आहे. तसंच ठेवावं.’ आणि छापखान्यात जाणाऱ्या प्रतीसोबत तो तक्ताही पाठवला.