जखमेची तारीख आणि स्लाइडवरचा क्रम

बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘ग्रॅन्युलेशन टिश्यू’ हे शब्द वाचून बरेच जण घाबरतात. ते ‘ग्रॅन्युलोमा’सारखे ऐकू येतात आणि ग्रॅन्युलोमा म्हटलं की टीबी आठवतो. पण दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रॅन्युलेशन टिश्यू म्हणजे जखम भरताना तयार होणारा नवा, कोवळा ऊतक. तो असणं चांगलं की वाईट, हे जखम किती दिवसांची आहे यावर ठरतं.

परळला पॅथॉलॉजी शिकताना दाह, ग्रॅन्युलेशन टिश्यू आणि व्रण या तीन स्लाइड्स आम्ही वेगवेगळ्या पाठ करायचो. पुढे मी त्या एका ओळीत मांडून बघायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की ही एकाच गोष्टीची पानं आहेत. तुम्हीही तशीच बघा.

समजा, विळीवर भाजी चिरताना बोट कापलं. रक्त गोठून फट बुजते. आजूबाजूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून पाणी झिरपतं. बोट लाल, गरम आणि सुजलेलं दिसतं ते यामुळे. पहिल्या दिवसाच्या स्लाइडवर गुलाबी जाळ्यासारखं फायब्रिन दिसतं आणि जखमेच्या कडेला न्यूट्रोफिल्स जमलेले असतात. ओळखायला सोपे: जांभळ्या केंद्रकाचे दोन ते पाच तुकडे, बारीक धाग्यांनी जोडलेले.

पांढऱ्या पेशी अशा धावून येतात हे १८८२ साली मेचनिकॉफ यांनी इटलीत मेसिना इथे पाहिलं. स्टारफिशच्या पारदर्शक अळीत त्यांनी गुलाबाचा काटा टोचला आणि काट्याभोवती पेशी गोळा झाल्या. परळच्या संस्थेला ज्यांचं नाव आहे ते हाफकिन त्यांचेच विद्यार्थी.

दोन-तीन दिवसांनी न्यूट्रोफिल्स ओसरतात आणि मॅक्रोफेज येतात. ते मेलेल्या पेशींचा कचरा गिळतात आणि दुरुस्तीचे संदेशही देतात. तोवर वरची त्वचा दोन्ही कडांनी खपलीखालून सरकू लागलेली असते. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास ग्रॅन्युलेशन टिश्यू भरात येतो. स्लाइडवर नव्या केशवाहिन्या, मधे सैल जागा आणि लांबट फायब्रोब्लास्ट दिसतात. ड्रेसिंग बदलताना जखमेच्या तळाशी दिसणारे लालसर, सहज रक्त येणारे दाणे म्हणजे हाच. ‘ग्रॅन्युलेशन’ हे नाव त्या दाण्यांवरूनच पडलं.

पुढच्या आठवड्यांत केशवाहिन्या कमी होतात आणि कोलॅजेनचे जाड गुलाबी पट्टे वाढतात. म्हणून लाल व्रण हळूहळू फिका पडतो. मात्र आठवड्याने टाके काढताना जखमेची ताकद मूळ त्वचेच्या साधारण १० टक्केच असते. तीन महिन्यांनी ती ७० ते ८० टक्क्यांपर्यंत जाते. टाके निघाले म्हणून लगेच जोर लावू नका, असं डॉक्टर सांगतात ते त्यासाठीच.

आता खरा उपयोग बघा. लालबागच्या गणपतीच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका माणसाच्या तळपायाला सहा आठवड्यांची जखम होती. भरत आल्यासारखी वाटायची आणि पुन्हा चिघळायची. मधुमेह नव्हता. स्लाइडवर भरपूर ग्रॅन्युलेशन टिश्यू होता, पण सोबत न्यूट्रोफिल्सचे थवेही होते. पाचव्या दिवशी असं चित्र दिसलं असतं तर नवल नव्हतं. सहाव्या आठवड्यात कोलॅजेन दिसायला हवं होतं. म्हणजे क्रम अडला होता आणि कशामुळे ते शोधायला हवं होतं.

खोलवरचे छेद घेतले. त्यांत अनेक केंद्रकं असलेल्या मोठ्या पेशी एका तुकड्याला घेरून बसलेल्या दिसल्या. ध्रुवित प्रकाशात तो तुकडा चमकला. वनस्पतीच्या पेशीभित्ती तशा चमकतात. ती लाकडाची कुसळ होती. सर्जनने जखम उघडून उरलेली कुसळ काढली आणि मग ती भरत गेली.

या माणसाच्या फॉर्मवर ‘सहा आठवडे’ असं लिहिलेलं नसतं, तर ‘भरत असलेली जखम’ एवढंच लिहून रिपोर्ट संपला असता. स्लाइड एकाच क्षणाचं चित्र दाखवते. आधी काय झालं हे तिच्यावरून थोडंफार कळतं, पण किती दिवस लागले हे नक्की सांगता येत नाही.

म्हणून बायोप्सीला जाताना डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: जखम कधी झाली, कशाने झाली आणि मधुमेह आहे का. रिपोर्टमध्ये ‘ग्रॅन्युलेशन टिश्यू’ दिसलं तर घाबरण्याआधी दिवस मोजा. आठवडे उलटूनही जखम तिथेच असेल, तर ती का अडली हे विचारा. वरवरचा तुकडा घेतला असेल तर खोलातलं कारण किंवा क्वचित कडेला लपलेला कॅन्सर त्यात येत नाही. अशा वेळी पुन्हा, कडेपासून खोल बायोप्सी घ्यावी लागते.