पांढऱ्या अक्षरांतली जाहिरात

नोकरीची अख्खी जाहिरात रेझ्युमेच्या तळाशी पांढऱ्या, बारीक अक्षरांत चिकटवायची. माणसाला दिसत नाही, मशीनला मात्र सगळे शब्द सापडतात. हा सल्ला नोकरी शोधणाऱ्यांमध्ये बराच फिरतो. गेल्या वर्षी आमच्या टीमला बॅकएंड डेव्हलपर हवा होता, तेव्हा असा एक रेझ्युमे आला. मी पॅनेलवर होतो.

पीडीएफमध्ये मजकूर आणि त्याचा रंग या वेगवेगळ्या सूचना असतात. भरतीचं सॉफ्टवेअर मजकूर तेवढा उचलतं, रंग आणि आकार सोडून देतं. कुणालाही हे घरी करून बघता येईल:

```
pdftotext resume.pdf -
```

लपवलेलं सगळं इथे साध्या अक्षरांत समोर येतं. आमच्या रिक्रूटर मॅडमही हाच काढलेला मजकूर वाचत होत्या. त्यांनी Postgres शोधलं, तर तो शब्द दोन ठिकाणी पिवळा झाला. एकदा त्या मुलीच्या प्रोजेक्टमध्ये आणि एकदा अगदी शेवटी, PostgresSQL असा. ते चुकलेलं स्पेलिंग मॅडमनी स्वतःच जाहिरातीत टाइप केलेलं. खाली वाचत गेल्या तर ‘आम्ही अशा उमेदवाराच्या शोधात आहोत’ इथपासून कॅबच्या सोयीपर्यंत सगळं होतं.

मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "वरचं वाच आधी." वर एकच ओळ होती: डेटाबेसवर काम केले.

त्यांनी फोन लावला. मुलगी आठ महिने घरी होती, एकाही अर्जाला उत्तर नव्हतं. "तुम्ही नक्की काय केलंत?" असं विचारल्यावर ती मोकळेपणानं बोलली. ऑर्डरच्या टेबलवर एक रिपोर्ट चाळीस सेकंद घ्यायचा. तिनं `EXPLAIN` चालवून पाहिलं, तर डेटाबेस अख्खं टेबल वाचत होता. ग्राहक आणि तारीख या दोन कॉलमवर मिळून तिनं इंडेक्स टाकला आणि रिपोर्ट दोन सेकंदांत येऊ लागला. आम्हाला नेमकं हेच काम करणारं कुणी हवं होतं.

तरी आमच्या मॅनेजरनी नाही म्हटलं. रेझ्युमेतलं तिचं कुठलं आणि उचललेलं कुठलं, हे प्रत्येक ओळीला तपासत बसायचं का, हा त्यांचा प्रश्न होता. मी तिच्या बाजूनं बोललो, पण त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नकार कळवताना मॅडमनी तिला एक ओळ लिहून पाठवली: "PostgreSQL मध्ये ऑर्डर टेबलवर दोन कॉलमचा इंडेक्स टाकून रिपोर्टचा वेळ ४० सेकंदांवरून २ सेकंदांवर आणला." शोधात सापडायला हवा तो शब्द यात होता, आणि वाचणाऱ्या माणसाला पुढे काय विचारायचं तेही. अक्षरं अर्थातच काळी.