दोन ‘मध्यम’

धर्माबादच्या एका मिरची व्यापाऱ्याला ‘बीबी, स्थिर’ असे पतमानांकन मिळाले. त्याचा अहवाल कर्ज देणाऱ्या पतसंस्थेच्या संचालकांसाठी मराठीत उतरविण्यात आला. सेबीने ठरविलेल्या व्याख्येनुसार ‘बीबीबी’ म्हणजे देणी वेळेवर फेडण्याबाबत मध्यम सुरक्षितता आणि मध्यम पतजोखीम. ‘बीबी’ म्हणजे परतफेड चुकण्याचाच मध्यम धोका. अनुवादकाने दोन्हीकडे ‘मध्यम जोखीम’ लिहिले आणि गुंतवणूकयोग्य श्रेणीची सीमारेषाच पुसली गेली. ‘स्थिर’ या शब्दावरून धंदा स्थिर आहे, असा समज झाला. वस्तुतः मानांकन नजीकच्या काळात बदलण्याची शक्यता कमी, एवढाच त्याचा अर्थ. दुरुस्त प्रतीत ‘परतफेड चुकण्याचा धोका’ हे शब्द आले, तेव्हा संचालकांनी प्रथमच तारणाची चौकशी केली.