अब्बांचं सालन

आम्लपित्तामुळे अब्बा मुगाच्या खिचडीवर आले आणि महिन्याभरात तिला विटले. मग अम्मीने सालनच बदललं. टोमॅटो, लाल तिखट आणि तळलेला कांदा वगळला. पाव किलो चिकन, दोन वाट्या दुधी, दोन चमचे तेल, हळद, किंचित आलं आणि भाजलेल्या धणे-जिरे-बडीशेपेची पूड. झाकण ठेवून मंद आचेवर दुधीच्याच पाण्यात ते शिजतं. बडीशेपेच्या वासाने तिखटाची आठवण राहत नाही. वरून कोथिंबीर घालायची, पुदिना नाही. पुदिना थंड वाटतो, पण अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप तो सैल करू शकतो. मग आंबट पाणी वर येतं. अब्बा मगरिबनंतर लगेच जेवतात आणि तीन तास आडवे होत नाहीत. पोटभर खाऊन लगेच झोपलं, तर हे सालनही जळजळतं. घास अडकू लागला किंवा वजन घटू लागलं, तर मात्र डॉक्टरच गाठावा.